बाळाच्या बातमीवर काय लिहावं?

मित्राला बाळ झालं की आपण एक तर नुसतं 'अभिनंदन' लिहितो, नाहीतर 'नॉर्मल की सिझर?' असं सगळ्यांसमोर विचारतो. त्यापेक्षा त्याने स्वतः सांगितलेली एकच गोष्ट उचला, वहिनींची आठवण ठेवा आणि प्रश्न विचारूच नका. त्याने 'आज पहाटे लेक झाली, दोघी बऱ्या आहेत' एवढंच लिहिलंय? मग आपण लिहायचं:

"भावा, पहाटे पहाटे लेक आली, लई भारी! दोघी बऱ्या आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला. वहिनींना निवांत आराम करू दे. आम्ही तुम्ही बोलवाल तेव्हाच येऊ."

शेवटचं वाक्य गाळू नका, बाळंतिणीला त्याचाच मोठा आधार असतो.

बाळाचं नाव आधीच कानावर आलं असलं, तरी बारशाआधी लिहू नका. फोटोही पुढे पाठवू नका.