शिबिरातलं एकच सत्र रद्द झालं, तर लोकांना कसं कळवायचं

अनेक दिवसांच्या कार्यक्रमातलं एक सत्र रद्द झालं की बहुतेकांचा सल्ला एकच असतो: ग्रुपवर मेसेज टाका, पैसे परत करा, झालं. ठाण्यात शिबिरं भरवणाऱ्या कुणालाही विचारा, खरा गोंधळ त्या मेसेजनंतरच सुरू होतो. एकाच सत्रासाठी येणाऱ्याला काही कळलेलंच नसतं आणि बाकीचे अर्धे लोक अख्खं शिबिर रद्द झालं असं धरून चालतात.

एक उदाहरण घेऊन सांगते. नौपाड्यातल्या एका सभागृहात सुलेखनाचं शिबिर आहे. शुक्रवार 13 तारखेला संध्याकाळी एक सत्र, शनिवारी आणि रविवारी प्रत्येकी दोन, अशी 5 सत्रं. नोंदणी 90 जणांची. त्यातल्या 58 जणांनी पूर्ण शिबिराचे 1500 रुपये भरलेत, 20 जणांनी फक्त शनिवारचे 700 आणि 12 जणांनी फक्त शनिवारच्या दुपारच्या सत्राचे 400. गुरुवारी संध्याकाळी पुण्याहून फोन येतो: शनिवारी दुपारी शिकवणारे पाहुणे येऊ शकत नाहीत.

सगळ्यात आधी नोंदणीच्या फॉर्ममधून ते सत्र काढून टाका. नाहीतर इकडे तुम्ही रद्द झाल्याचं कळवत असता आणि तिकडे कुणीतरी त्याच सत्राचे पैसे भरत असतं.

मग यादीचे वर दिलेत तसे तीन गट करा. सगळी मदार यावर आहे. त्या 12 जणांसाठी ते सत्र म्हणजेच अख्खं शिबिर आहे. त्यांना सामायिक मेसेज पाठवायचा नाही, थेट फोन करायचा, आणि तोही सगळ्यांच्या आधी. बदलापूरहून किंवा नेरुळहून केवळ 3 तासांसाठी येणाऱ्या माणसाला ही बातमी तिसऱ्याच कुणाच्या फॉरवर्डमधून कळता कामा नये. फोन लांबवू नका. "काकू, सुलेखन शिबिरातून बोलतेय. तुमचं शनिवारचं दुपारचं सत्र रद्द झालंय. तुमचे 400 रुपये सोमवारपर्यंत परत करतोय. रविवारी सकाळी थोड्या जागा आहेत, यायचं असेल तर हेच पैसे तिकडे धरू." समोरचा काय म्हणाला ते लगेच यादीत लिहा. फोन उचलला नाही तर एसएमएस करा आणि रात्री पुन्हा फोन लावा. हे 12 झाले की शनिवारचे 20.

आता सगळ्यांना जाणारा मेसेज. मला सगळ्यात जड गेलेला टप्पा हाच, म्हणून इथे थोडं सविस्तर सांगते. फोनच्या स्क्रीनवर मेसेजची पहिली ओळ तेवढी दिसते आणि बरेच जण तेवढीच वाचून पुढे पाठवतात. सुरुवात "कळवण्यास अत्यंत खेद होतो की" अशी झाली, तर लोक पुढचं स्वतःच्या मनानेच भरतात. म्हणून पहिल्याच वाक्यात दोन्ही गोष्टी हव्यात, काय होणार आहे आणि काय होणार नाही:

"सुलेखन शिबिर तिन्ही दिवस होणार आहे, फक्त शनिवार 14 तारखेचं दुपारी 2 ते 5 हे सत्र रद्द आहे. पाहुणे शिक्षक येऊ शकत नाहीत. बाकीच्या 4 सत्रांच्या वेळा आणि जागा बदललेल्या नाहीत. पूर्ण शिबिराची नोंदणी असलेल्यांना 300 रुपये आणि शनिवारची असलेल्यांना 350 रुपये सोमवारपर्यंत परत मिळतील. त्यासाठी काहीही करावं लागणार नाही. कुणालाही पिन किंवा ओटीपी देऊ नका. वाचल्यावर 'कळलं' एवढंच उत्तर द्या."

यातला एकेक शब्द मुद्दाम घातलेला आहे. "उद्या" किंवा "परवा" कधीही लिहू नका. गुरुवारचा मेसेज कुणी शुक्रवारी रात्री वाचतं आणि तारीख चुकते. कारण एका वाक्यात संपवा, पाहुण्यांच्या घरातल्या अडचणी लोकांना सांगायच्या नसतात. नवी तारीख हातात नसेल तर "लवकरच घेऊ" म्हणू नका, लोक पैसे परत घ्यायचे थांबतात आणि महिनाभर विचारत राहतात. पिनचा उल्लेख गाळू नका. यूपीआयवर पैसे घेताना पिन लागत नाही, तरी परताव्याच्या नावाखाली तो काढून घेणारे भामटे असतात. आणि "रद्द" असं ठळक लिहिलेलं चित्र बनवू नका. ते खालच्या मजकुराशिवाय फिरतं. त्याऐवजी सगळं सुधारित वेळापत्रक एका चित्रात द्या आणि वर सुधारणेची तारीख घाला, कारण जुनं वेळापत्रकही अजून लोकांच्या फोनमध्ये असतं.

व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्टवर विसंबू नका. ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्याला तो मेसेज पोचतच नाही, आणि नव्याने नोंदणी केलेले नेमके त्यातच येतात. निळ्या खुणाही धरू नका, त्या बंद ठेवता येतात. "कळलं" असं उत्तर आलं तरच पोचलं. शुक्रवारी दुपारपर्यंत ज्यांचं उत्तर नाही, त्यांना फोन.

पैशांचा हिशेब सगळ्यांना एकाच नियमाने करा: भरलेली रक्कम भागिले सत्रं. 1500 ला 5 ने भागून 300, 700 ला 2 ने भागून 350. जो भांडेल त्याला जास्त, असं केलंत की ते दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळतं. पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात पाठवा. नोंदणी आईच्या नावाने आणि पैसे मुलाच्या खात्यातून, हे नेहमीचंच आहे, म्हणून नाव जुळवत बसण्यापेक्षा व्यवहार क्रमांकावरून शोधा.

रिकाम्या झालेल्या 3 तासांचं काय करायचं, यावर चांगले लोकही चुकीचा सल्ला देतात: रविवारचं एखादं सत्र शनिवारी ओढा, किंवा हेच सत्र रविवारी संध्याकाळी घाला. दोन्ही करू नका. जे बिघडलेलं नाही त्याला हात लावलात की रविवारी येणाऱ्या सगळ्यांनाही पुन्हा कळवावं लागतं. शिवाय रविवार हा मेगाब्लॉकचा दिवस. कल्याणच्या बाजूने येणारे लोक गाड्या बघूनच वेळ ठरवतात. सकाळच्या शिक्षकांना जमत असेल तर दुपारी 2 ते 3.30 सराव ठेवा, पण तो ऐच्छिक आणि विनामूल्य असावा. त्याला बदली सत्र म्हणू नका, नाहीतर परताव्याचा वाद उभा राहतो.

जेवणाचा आकडा केटररला शुक्रवारी सकाळीच कळवा. सकाळच्या सत्रानंतर काही जण न जेवता निघतील, म्हणून सरावाला थांबणार का हे फोनवरच विचारून घ्या.

एवढं करूनही शनिवारी पावणेदोनला कुणीतरी दारात येतंच. तिथे यादी घेऊन एक माणूस बसवा आणि पैसे जागेवरच परत करायची मुभा त्याला द्या. आलेल्याला सरावाला बसायला सांगा, त्याचा नंबर पुन्हा तपासून घ्या आणि यादीत चुकीचा पडला असेल तर तिथेच दुरुस्त करा.