मजकूर राहतो, पण जोडलेली फाइल का जाते?

ग्राहक-सेवेच्या चॅटमध्ये पावतीचा फोटो जोडला आणि थोड्या वेळाने पान रिफ्रेश केले, तर कधीकधी मजकूर जसाच्या तसा दिसतो, पण फोटोच्या जागी रिकामी चौकट उरते. याचे कारण असे की मजकूर बहुधा सर्व्हरवर नोंदवला जातो, तर फोटोची लगेच दिसणारी छोटी प्रतिमा अनेकदा ब्राउझरने त्या पानापुरतीच मेमरीत धरलेली असते. त्या प्रतिमेवर राइट-क्लिक करून तिचा पत्ता कॉपी करून पाहावा. तो `blob:` ने सुरू होत असेल, तर पान रिफ्रेश होताच तो निकामी होतो. फाइल सर्व्हरवर पोहोचलेली असूही शकते, मात्र दिसणारी प्रतिमा हा त्याचा पुरावा नव्हे.

सेशन संपल्यावरची गोष्ट वेगळी असते. तेथे फाइल बऱ्याचदा शाबूत असते, पण तिची लिंक ठरावीक मुदतीची असल्यामुळे `403` असा नकार येतो. पुन्हा लॉगिन करून संभाषण नव्याने उघडल्यास नवी लिंक मिळू शकते.

अ‍ॅप काढून पुन्हा टाकणे सर्वांत जोखमीचे, कारण अ‍ॅपच्या खासगी फोल्डरातील फाइली त्याच्यासोबतच पुसल्या जातात आणि बॅकअप नसेल तर त्या परत येत नाहीत. म्हणून अ‍ॅप काढण्यापूर्वी दुसऱ्या उपकरणावरून तेच संभाषण उघडावे व फाइल तेथे पूर्ण डाउनलोड होते का, हे तपासावे. होत नसेल, तर ती आधी फोनच्या सामायिक फोल्डरात जतन करावी.