राजमा आधी खळखळून उकळा, मंद आच नंतर

छोले जरा कच्चट राहिले तर फार तर पोट फुगतं. राजम्याचं तसं नाही. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं प्रथिन भरपूर असतं. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा उलट्या-जुलाबाला पुरतात, आणि त्रास साधारण एक ते तीन तासांत सुरू होतो.

हे लेक्टिन नुसत्या गरम पाण्याने मरत नाही. ऐंशी अंशांच्या आसपास रेंगाळलेला राजमा तर कच्च्यापेक्षाही जास्त बाधतो. म्हणून भिजवलेला राजमा थेट स्लो कुकरमध्ये टाकू नका. तासन्‌तास शिजून दाणा मऊ लागेल, पण मऊ झाला म्हणजे निर्धोक झाला असं नाही.

एक वाटी राजमा चार वाट्या पाण्यात रात्रभर भिजवा, निदान पाच तास तरी. सकाळी एक दाणा मधोमध कापून बघा. आत खडूसारखा पांढरा, कोरडा ठिपका दिसला तर अजून भिजू द्या, नाहीतर वरून शिजेल आणि गाभा कच्चा राहील. भिजवलेलं पाणी ओतून टाका, कारण थोडं लेक्टिन त्यात उतरलेलं असतं. ताज्या पाण्याला मोठे बुडबुडे यायला लागले की तिथून अर्धा तास मोजा. मग हवं तर आच कमी करा. प्रेशर कुकरमध्ये तापमान शंभर अंशांच्या वर जातं, त्यामुळे तिथे पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवलं की काम झालं.

छोल्यांनाही रात्रभर भिजवणं हवंच, पण ते लवकर आणि एकसारखे शिजावेत म्हणून. टोमॅटो मात्र दोन्हींत शेवटी घाला. आंबटपणाने दाणे टणक राहतात.