सिलेंडरचा वेग: मीटर-इन आणि मीटर-आउट निवडताना या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यांत गठ्ठे खालच्या टेबलावर उतरवायला हवेच्या दाबावर चालणारा उभा सिलेंडर लावलेला असतो. सिलेंडर वर बसवलेला, रॉड खाली आणि रॉडला प्लॅटफॉर्म. अशा ठिकाणची नेहमीची तक्रार म्हणजे प्लॅटफॉर्म धपकन खाली येतो आणि हवा अडवून वेग ठरवणाऱ्या स्पीड कंट्रोलरचा स्क्रू पूर्ण आवळला तरी थांबत नाही. मग सील बदलतात, सोलेनॉइड व्हॉल्व्ह बदलतात, तरी तक्रार राहतेच. बहुतेक वेळा सिलेंडर चांगला असतो, कंट्रोलर चुकीच्या बाजूची हवा अडवत असतो.

मीटर-इनमध्ये सिलेंडरात शिरणारी हवा अडवली जाते आणि बाहेर पडणारी मोकळी सुटते. मीटर-आउटमध्ये आत जाणारी मोकळी असते आणि बाहेर पडणारी अडवली जाते, त्यामुळे पिस्टनसमोर हवेची गादी तयार होते. भार गतीच्या दिशेनेच ओढत असेल, तर ही गादी हवीच.

उदाहरण घेऊ. 50 मिमी बोअर, 20 मिमी रॉड, 6 बार हवा, प्लॅटफॉर्मसह 40 किलो भार. म्हणजे साधारण 390 न्यूटन ओढ खाली. मीटर-इन लावला आणि वरच्या बाजूची हवा जवळजवळ बंद केली, तरी पिस्टनच्या वर फार तर निर्वात होईल. 19.6 चौ. सेमी पिस्टनवर पूर्ण निर्वातसुद्धा सुमारे 20 किलोच धरू शकतो. उरलेला भार खाली येणारच, कारण रॉडकडची हवा मोकळी बाहेर जाते आहे. इथे कितीही स्क्रू फिरवा, उपयोग नाही. रॉडकडच्या पोर्टवर मीटर-आउट बसवा.

मीटर-आउट लावला, पण दाब पाहिला नाही

ही चूक कमी जणांच्या लक्षात येते. वरून 6 बारचे सुमारे 1180 न्यूटन आणि भाराचे 390, असे दोन्ही मिळून रॉडकडच्या हवेला दाबतात. त्या बाजूचे क्षेत्रफळ रॉडमुळे 16.5 चौ. सेमीच उरते. घर्षण सोडले तर तिथे दाब सुमारे 9.5 बार होतो, म्हणजे पुरवठ्यापेक्षा कितीतरी जास्त. 10 बारच्या सिलेंडरसाठी हे काठावरचे आहे आणि सीलवरही ताण येतो. खाली ढकलायला इतक्या जोराची गरजच नाही. खालच्या स्ट्रोकच्या लाइनवर रेग्युलेटर लावून 2 बार करा, रॉडकडचा दाब 4.8 बारच्या आसपास राहतो. रेग्युलेटर मात्र उलटी हवा जाऊ देणारा घ्या, नाहीतर प्लॅटफॉर्म वर जाताना ती बाजू रिकामी होणार नाही.

कंट्रोलर उलटा बसला

सिलेंडरच्या पोर्टवर बसणारा मीटर-आउट एल्बो जर व्हॉल्व्हच्या पोर्टवर बसवला, तर तोच मीटर-इन होतो. कारण तो आट्यांकडून ट्यूबकडे जाणारी हवा अडवतो, आणि व्हॉल्व्हवर ती हवा पुरवठ्याची असते. खात्री करायची सोपी रीत आहे. रॉडकडच्या पोर्टचा स्क्रू थोडा फिरवा आणि कोणता स्ट्रोक बदलतो ते पाहा. रॉड बाहेर येण्याचा वेग बदलला तर मीटर-आउट, आत जाण्याचा बदलला तर मीटर-इन. ही चाचणी रिकाम्या प्लॅटफॉर्मवर करा, हात खाली न घालता. कंट्रोलर काढायचा असेल, तर आधी प्लॅटफॉर्मखाली पक्का आधार द्या आणि सिलेंडरातली हवा बाहेर काढून टाका.

दोन्ही स्ट्रोक हवेवर चालणाऱ्या आडव्या सिलेंडरलाही बहुधा मीटर-आउटच बरा. मीटर-इनमध्ये हळू वेगाला पिस्टन झटके खात सरकतो: दाब साठतो, अडलेला पिस्टन सुटून पुढे पळतो, हवा पसरून दाब पडतो, पुन्हा थांबतो.

मीटर-इनची जागा वेगळी आहे. स्प्रिंगने परतणाऱ्या सिंगल-अॅक्टिंग सिलेंडरला रॉड बाहेर नेताना मीटर-इनशिवाय पर्याय नसतो, कारण स्प्रिंगकडची बाजू वातावरणाला उघडी असते. फार छोट्या, आखूड स्ट्रोकच्या सिलेंडरातही बाहेर जाणारी हवा इतकी थोडी असते की ती नीट अडवता येत नाही.

सकाळचा पहिला झटका

रात्री कॉम्प्रेसर बंद राहून सिलेंडर रिकामा झाला, की मीटर-आउटची गादीच उरत नाही. सकाळी हवा सुरू करताच पहिला स्ट्रोक वेगात जातो, पुढचे ठीक येतात. इथे स्क्रू आवळत बसू नका, दिवसभर मशीन सुस्त चालेल. हवा गाळून दाब ठरवणाऱ्या एफआरएलनंतर सॉफ्ट-स्टार्ट व्हॉल्व्ह बसवा, म्हणजे दाब हळूहळू भरतो. आणि हवा गेल्यावर भार जागेवर धरायचे काम मीटर-आउटचे नाही, त्यासाठी रॉडकडच्या पोर्टलाच पायलट चेक व्हॉल्व्ह लागतो, तो दाबाचा इशारा मिळेपर्यंत आतली हवा बाहेर जाऊ देत नाही.