शहरातल्या घरासाठी बांबूचा दिवा विणताना

आमच्या घरी सुपे, रोवळ्या आणि डालगी विणण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. बाजारात नेलेले सूप दोन-तीन वर्षांत झिजते, मग गिऱ्हाईक नवे घेऊन जाते, त्यामुळे त्यात कीड लागेल का, हा प्रश्न आम्हांला कधी कोणी विचारलाच नव्हता. पुण्यातील एका दुकानाने छताला टांगायच्या 30 बांबूच्या दिव्यांची, म्हणजे शेडची, मागणी नोंदवली, तेव्हा मीही घरच्याच रीतीने काम केले. एप्रिलमध्ये माणगा जातीचा बांबू तोडला, ओल्या कामट्या काढल्या, विणले आणि जूनच्या आरंभी माल पाठवून दिला. ऑगस्टमध्ये दुकानदारांचा फोन आला. गिऱ्हाइकांच्या जेवणाच्या टेबलावर रोज सकाळी मैद्यासारखी बारीक भुकटी पडत होती. 11 शेड परत आल्या, आणि उरलेल्यांची वीण इतकी ढिली झाली होती की बोटाने कामटी सरकत होती.

या दोन्ही दोषांचे मूळ विणण्याच्या आधीच्या कामात होते. ती भुकटी घुणाची होय. हा भुंगा बांबूतील पिठूळ अंशावर जगतो. पावसाळ्यात नवे कोंब फुटायचे असतात, म्हणून उन्हाळ्यात बेटातल्या जुन्या काठ्यांमध्ये हा अंश भरपूर साठलेला असतो, आणि मी नेमका तेव्हाच बांबू तोडला होता. आता मी पावसाळा सरल्यानंतर, थंडीच्या दिवसांत, तीन ते चार वर्षांच्या काठ्या तोडतो. वय लक्षात राहावे म्हणून दरवर्षी नव्या काठीवर रंगाची एक खूण करून ठेवतो. नवख्या माणसाने एक सोपी परीक्षा करावी: ताज्या कापावर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या टिंक्चर आयोडिनचा थेंब टाकावा. डाग गडद निळा-काळा झाला, तर पिठूळ अंश बराच आहे आणि घुणाला मेजवानी तयार आहे, असे समजावे.

हंगाम साधला तरी औषधाची भिजवण टाळता येत नाही. मी 100 लिटर पाण्याला 3 किलो बोरॅक्स आणि 2 किलो बोरिक ॲसिड घेतो, दोन्ही आधी थोड्या गरम पाण्यात पूर्ण विरघळवतो आणि मग पिंपात ओततो. कामट्या काढून झाल्यावर त्या चार-पाच दिवस या पाण्यात पूर्ण बुडलेल्या राहतील, असे त्यांवर दगड ठेवतो. भिजवण विणण्याआधीच का, तर तयार शेडवर फवारलेले औषध वरवर बसते, आत मुरत नाही. वार्निशही उपयोगी पडत नाही, कारण आत शिरलेली अळी वार्निशच्या आतूनच पोखरत राहते. हे औषध पाण्यात धुऊन जाते, म्हणून अशी वस्तू पाऊस लागणाऱ्या गच्चीवर टांगू नये, असे मी गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. पोळ्यांच्या किंवा फळांच्या टोपलीला मात्र हे औषध मी मुळीच वापरत नाही. त्या बांबूचा पिठूळ अंश निघावा म्हणून काठ्या तीन-चार आठवडे ओढ्याच्या वाहत्या पाण्यात बुडवून ठेवतो. काढल्यावर त्यांना जो वास येतो, तो जाईपर्यंत घरातली माणसे माझ्यावर रागावलेली असतात.

वीण ढिली झाली ती ओलाव्यामुळे. ओली कामटी फुगलेली असते आणि सुकल्यावर तिची रुंदी कमी होते. कोकणातल्या दमट हवेत ती फारशी आकसत नाही, परंतु वातानुकूलित खोलीत दोन महिन्यांत फट दिसू लागते. म्हणून आता मी कामट्या सावलीत वाळवतो आणि एक जुडी रोज तराजूवर तोलतो. तीन दिवस वजन जराही घटले नाही, की विणायला घेतो. कोरडी कामटी वळताना तडकू नये म्हणून नेमक्या वळणाच्या जागी ओले फडके फिरवावे, सबंध कामटी पुन्हा भिजवू नये.

विणकामाचे एकच सांगतो. 12 इंच व्यासाच्या शेडला मी 25 उभ्या कामट्या घेतो. आकडा विषमच हवा, कारण एकच आडवी कामटी सलग फिरवत नेली तर प्रत्येक फेरीत वर-खाली आपोआप आलटून-पालटून येते. 24 घेतल्या, तर दुसऱ्या फेरीत ती पहिल्याच वाटेने जाते आणि वीण बसतच नाही.

या साऱ्यामुळे तोडणीपासून माल निघेपर्यंत सहा आठवडे लागतात, आणि मागणी घेतानाच मी ते कळवतो. घाई असलेले एक-दोन दुकानदार त्यामुळे निघून गेले. त्या परत आलेल्या 11 शेडपैकी एक अजून पडवीत टांगलेली आहे. शिकायला येणाऱ्या पोरांना मी ती पांढऱ्या कागदावर आपटायला लावतो आणि काय पडते ते पाहायला सांगतो.