दाखला आधी काढू नका! परदेशी पोस्टिंगवर जाताना मुलांच्या शाळेबाबत या चुका टाळा

मी सांगलीतल्या एका माध्यमिक शाळेच्या कार्यालयात काम करते. जनरल रजिस्टर, दाखले, बोनाफाइड हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. निकालाच्या दिवसांत आणि दिवाळीच्या आसपास परदेशी निघालेले पालक हमखास येतात आणि बहुतेक जण दुबई, शारजा किंवा अबुधाबीला चाललेले असतात. म्हणून मी इथे फक्त अमिरातीबद्दल लिहिते. जर्मनी किंवा सिंगापूरला निघालेल्यांनी तिथले नियम वेगळे बघावेत.

हातात व्हिसा नसताना दाखला काढणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे आणि दरवर्षी कुणीतरी करतंच. कंपनीचं ऑफर लेटर आलं की पालकांना वाटतं, आता कागद गोळा करायला लागू. आणि पहिला कागद म्हणून शाळा सोडल्याचा दाखला मागतात. वास्तविक तो शेवटचा कागद आहे.

विश्रामबागेतल्या एका कुटुंबाचं सांगते. वडील मेंटेनन्स इंजिनिअर, दुबईला मार्चमध्ये रुजू झाले. मुलगा सातवीत, राज्य मंडळाच्या सेमी इंग्रजीला. 1 मेला निकाल लागला आणि त्याच दिवशी आई दाखल्याचा अर्ज घेऊन आल्या. "व्हिसा कधी मिळणार?" असं मी विचारलं. "पंधरा दिवसांत होतंय मॅडम, एजंट म्हणालाय." मी थांबायला सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. पालकांनी लेखी मागितल्यावर दाखला अडवून ठेवता येत नाही, म्हणून दिला.

पुढे झालं असं. बायको-मुलांना बोलवायचं तर वडिलांचा स्वतःचा रेसिडेन्स व्हिसा झालेला लागतो, घराचा नोंदणी केलेला भाडेकरार लागतो (तिथे त्याला इजारी म्हणतात) आणि विवाहाचं प्रमाणपत्र साक्षांकित केलेलं लागतं. यांच्या लग्नाची नोंदणीच केलेली नव्हती. ती करून घ्यायची, मग मुंबईला साक्षांकनाला पाठवायची, यात पावसाळा गेला. मुलगा जूनपासून घरी. दुबईतली सीबीएसई शाळा एप्रिललाच सुरू झालेली असते, तिनं धरून ठेवलेली जागा जुलैच्या सुट्टीआधी दुसऱ्याला दिली. शेवटी दिवाळीनंतर मुलाला पुन्हा आमच्याच शाळेत आठवीत घेतलं. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्यामुळे वर्षाच्या मध्येही प्रवेश देता येतो, म्हणून निभावलं. नववीत असता तर फार अडचण झाली असती.

एवढ्यावर संपलं नाही. तोवर मे महिन्यातला दाखला साक्षांकित करून झाला होता आणि त्याचे पैसे गेले होते. जानेवारीत एका शाळेत जागा मिळाली, तेव्हा तिथल्या प्रवेश विभागानं विचारलं, मेनंतर मुलगा कुठे होता? जुना दाखला सांगतो की सातवी पास झाला आणि शाळा सोडली. खरी परिस्थिती अशी की तो आठवीत शिकतोय. मग नव्या तारखांचा दाखला काढायचा आणि तीच साखळी पुन्हा फिरवायची.

ही साखळी अशी असते: शाळेचा दाखला, त्यावर जिल्हा परिषदेतल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी, मग मुंबईला राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीचा दूतावास, आणि तिकडे पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का. ओमान किंवा बहरीनला जाणाऱ्यांचं काम परराष्ट्र मंत्रालयाच्या अपोस्टिल या शिक्क्यावर होतं. अमिरातीला ते चालत नाही, म्हणून शेजाऱ्याच्या अनुभवावर जाऊ नका. प्रवेश ठरलेल्या शाळेकडून लेखी विचारून घ्या की कोणकोणते शिक्के हवेत.

मी पालकांना नेहमी एकच क्रम सांगते. आधी बोनाफाइड आणि मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं इंग्रजीत करून घ्या. अर्ज, ऑनलाइन चाचणी, मुलाखत हे सगळं एवढ्यावर होतं आणि शाळा जागा देते की नाही तेही कळतं. मुलांच्या व्हिसाचा कागद हातात आला, तिकिटाची तारीख ठरली, की मग दाखला. बऱ्याच शाळा हमीपत्र घेऊन आधी वर्गात बसवतात आणि साक्षांकित दाखला ठरावीक मुदतीत मागतात. या मुदतीबद्दलही आधी विचारा.

आणि दाखल्याचा अर्ज करण्याआधी जनरल रजिस्टरमधलं नाव पासपोर्टशी ताडून बघा. आपल्याकडे आडनाव आधी लिहितात, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात असतं. त्यावर कुणी फारसं अडत नाही. अडतं ते स्पेलिंगवर, जन्मतारखेवर आणि वडिलांच्या नावावर. मूल शाळेत असेपर्यंत शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीनं दुरुस्ती होते. शाळा सोडल्यावर तीच दुरुस्ती फार जड जाते.

जाण्याचा विचार करणं, परतण्याचा न करणं

पालक पहिला प्रश्न विचारतात, "सीबीएसई चांगलं की ब्रिटिश?" मी उलट विचारते, करार किती वर्षांचा आहे आणि तो संपेल तेव्हा मूल कितवीत असेल? या उत्तरावर अभ्यासक्रम ठरतो. शाळेची इमारत आणि स्विमिंग पूल बघून ठरवणाऱ्यांची मला खरंच काळजी वाटते.

उदाहरण घेऊ. मुलगी आठवीत, राज्य मंडळ. वडिलांना ऑक्टोबरमध्ये दोन वर्षांचं पोस्टिंग. सगळ्यांनी लगेच निघायचं ठरवलं, तर परतायची वेळ येते तेव्हा मुलगी दहावीच्या मध्यात असते. कुठल्याही अभ्यासक्रमात याच्याइतकी वाईट वेळ नाही.

ब्रिटिश शाळेत घातली तर ती यीअर नाइनमध्ये बसेल. हा आकडा आपल्या इयत्तेपेक्षा एकनं पुढे असतो, मूल एक वर्ष पुढे गेलं असं समजू नका. तिथलं वर्ष ऑगस्टच्या शेवटी सुरू होतं, त्यामुळे ऑक्टोबरला फारसं मागे पडलेलं नसतं आणि रुळायला सोपं जातं. पण यीअर टेन आणि इलेव्हन मिळून आयजीसीएसईचा दोन वर्षांचा अभ्यास असतो आणि परीक्षा इलेव्हनच्या शेवटी. पोस्टिंगची दोन वर्षं संपली की ही मुलगी यीअर इलेव्हनच्या सुरुवातीला परत येणार, हातात कुठलाच निकाल नाही. इथे दहावीच्या वर्गात मधूनच कुणी घेत नाही. मग राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसायचं, तेही वेगळ्याच अभ्यासक्रमाला.

सीबीएसईत घातली तर अडचण वेगळी. तिथला आठवीचा वर्ग एप्रिलपासून चाललाय, सहामाही झालेली असते, आणि आपली मुलगी जूनमध्ये सुरू करून वेगळ्या पुस्तकांतून चार महिने शिकलेली. गणित-विज्ञानातली दरी भरून निघते. अरबी मात्र बहुतेकांनी गृहीतच धरलेलं नसतं. अमिरातीत खासगी शाळांत नववीपर्यंत ते शिकावंच लागतं, अरबी न येणाऱ्यांसाठी वेगळा वर्ग असतो आणि तिथेही मुलं आधीपासून शिकत आलेली असतात.

या कुटुंबाला मी सांगितलं ते असं. वडिलांनी ऑक्टोबरला एकट्यानं जावं. मुलीनं आठवी इथेच पूर्ण करावी, त्या काळात घर, इजारी, विवाह प्रमाणपत्र मार्गी लावावं. निकाल लागताच दाखला घेऊन तिनं दुबईत सीबीएसई नववीला बसावं. वर्ग एप्रिलला सुरू झालेला असतो, पण जुलै-ऑगस्टची सुट्टी मध्ये येते आणि मागचं भरून काढायला वेळ मिळतो. नववीला बोर्डाची नोंदणी होते आणि नववी-दहावी एकच सलग अभ्यास धरला जातो, त्यामुळे नववीच्या सुरुवातीलाच बसणं महत्त्वाचं. मग दहावी तिथेच करायची असेल, तर आईनं मार्चच्या परीक्षेपर्यंत थांबायची तयारी ठेवावी. परत यायचंच असेल, तर नववी संपताच, आणि इथल्या सीबीएसई शाळेतच. पालकांच्या बदलीच्या कारणावर दहावीत प्रवेश देता येतो, पण त्याला बोर्डाची परवानगी लागते आणि मुदत असते. थेट प्रवेश मिळेल अशी कुणी हमी दिली तर ती लेखी मागा.

मुलीला डॉक्टर व्हायचं असेल तर आणखी एक गोष्ट, आणि ही मी प्रत्येकाला थांबवून सांगते. महाराष्ट्रात एमबीबीएसच्या राज्य कोट्यासाठी डोमिसाइल तर लागतंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून पास झालेलं लागतं. सरकारी नोकरांच्या मुलांसाठी काही सवलती आहेत, पण खासगी कंपनीनं परदेशी पाठवलं म्हणून सूट मिळत नाही. दहावी दुबईत झाली की मिरजेच्या शासकीय मेडिकल कॉलेजमधली राज्य कोट्याची जागा हातातून जाते, मग नीटचे गुण कितीही असोत. इंजिनिअरिंगला नियम सैल आहे, आई-वडिलांच्या डोमिसाइलवर मुलाला अर्ज करता येतो. म्हणून मेडिकलचा विचार असेल तर ही मुलगी नववी संपताच इथल्या दहावीला परत यायला हवी. त्या वर्षाची सीईटी सेलची माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

बाकीच्या चुका

मधल्या वर्षात जागा मागायची असेल तर टर्म संपण्याच्या आधी मागा. कुटुंबं डिसेंबरअखेर आणि शैक्षणिक वर्षाच्या शेवटी शहर सोडतात, जागा तेव्हाच रिकाम्या होतात. ब्रिटिश शाळेत जानेवारीत बसणं नोव्हेंबरपेक्षा सोपं.

शाळा एजंटच्या यादीतून निवडू नका. दुबईत खासगी शाळांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था केएचडीए त्यांचे तपासणी अहवाल आपल्या साइटवर खुले ठेवते. त्यात एकंदर श्रेणीपेक्षा तुमच्या मुलाच्या टप्प्याचा आणि इंग्रजीचा भाग वाचा. एकाच शाळेचा प्राथमिक विभाग चांगला आणि माध्यमिक बेताचा असू शकतो.

लहान मुलांना तिथल्या सीबीएसई शाळांत वयाच्या वेगळ्या तारखेनं वर्ग देतात. आपल्याकडे पहिलीला 31 डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण चालतात, त्यामुळे वर्षाच्या शेवटी जन्मलेलं मूल तिथे एक वर्ग खाली बसू शकतं. त्यावरून शाळेशी भांडण्यात अर्थ नाही. पहिली-दुसरीतल्या मुलाचं त्यात काही बिघडत नाही.

लसीकरणाचं कार्ड इंग्रजीत आणि डॉक्टरांच्या सहीशिक्क्यासह करून घ्या. अंगणवाडीचं पिवळं पडलेलं कार्ड तिथली नर्स वाचू शकत नाही.

फीचं कंपनीशी आधीच बोला. शिक्षणभत्ता शाळेला थेट जातो की तुम्ही भरून नंतर मिळतो, प्रत्येक मुलामागे मर्यादा किती, आणि बस, गणवेश, पुस्तकं त्यात धरली आहेत का, हे ऑफर लेटरवर सही करायच्या आधी लिहून घ्या. मधल्या टर्मला प्रवेश घेतला तर त्या टर्मची पूर्ण फी द्यावी लागेल का, हे शाळेलाही विचारा, कारण याबाबत प्रत्येक शाळा आपापलं धोरण सांगते.