वाटी पुन्हा पुन्हा सटकते तेव्हा: १६ मिलिमीटरच्या एका गुडघ्याची गोष्ट

आमच्या सोलापूरच्या बाह्यरुग्ण विभागात गुडघ्याची वाटी वारंवार सटकण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक मुली चौदा ते वीस वर्षांच्या असतात, आणि नव्याने रुजू झालेल्या निवासी डॉक्टरचा प्रश्नही बहुधा ठरलेला असतो: लिगामेंट बांधायचे की हाड सरकवायचे? मीही पहिली काही वर्षे हाच प्रश्न विचारत असे आणि त्याचे उत्तर एमआरआयच्या अहवालातील एका आकड्यात शोधत असे. तो आकडा टीटी-टीजी अंतराचा. तो २० मिलिमीटरच्या वर गेला तर हाड आणि खाली राहिला तर लिगामेंट, असा माझा हिशोब होता. तो का पुरत नाही, हे मला एका गुडघ्याने नीट शिकवले.

मुलगी अठरा वर्षांची, अक्कलकोटकडच्या एका गावातून आलेली, शाळेच्या संघातून खो-खो खेळलेली. चौदाव्या वर्षी रांगेत उकिडवी बसलेली असताना खो मिळाला, ती उठली, पाय जमिनीत रोवलेलाच राहिला आणि अंग वळले, तेव्हा डावी वाटी पहिल्यांदा बाहेर गेली. त्यानंतर चार वेळा ती सटकली, शेवटची तर घरात पाण्याची घागर उचलताना. पहिली घटना मैदानावरची आणि पुढची घरातली, हा क्रम इतिहास घेताना लक्षात ठेवावा, कारण जोराचा आघात नसताना वाटी बाहेर जाऊ लागली की केवळ फाटलेले लिगामेंट नव्हे, तर मुळातली रचनाही दोषी असण्याची शक्यता वाढते.

खाटेच्या कडेला बसवून तिला गुडघा हळूहळू सरळ करायला सांगितले. शेवटच्या वीसेक अंशांत वाटी एकदम बाहेरच्या बाजूला उडी मारून गेली. जे अक्षर उलटे काढल्यासारखा तो मार्ग दिसतो, म्हणून त्याला जे-साइन म्हणतात. गुडघा थोडा वाकवून वाटी बाहेर ढकलली तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला. हा भीतीचा प्रतिसाद वाटी अस्थिर आहे एवढेच सांगतो; ती का अस्थिर आहे हे मात्र जे-साइन अधिक सांगते. पालथे झोपवून नितंबाचे आतले-बाहेरचे फिरणे तपासले तर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखे होते, म्हणजे मांडीच्या हाडाच्या पिळाचा संशय कमी. सांध्यांचा ढिलेपणा बेतास बात होता. ही तपासणी दहा मिनिटांची आहे, आणि ती केल्याशिवाय चित्रे पाहू नयेत असे माझे मत आहे, कारण चित्रावरील आकडा एकदा डोक्यात बसला की हात तोच आकडा शोधू लागतात.

आता आकड्याकडे वळू. टीटी-टीजी म्हणजे वाटीच्या खालचा स्नायुबंध नडगीच्या ज्या उंचवट्याला चिकटतो तो उंचवटा, मांडीच्या हाडाच्या टोकावरील खाचेच्या मानाने किती बाहेर आहे, याचे मोजमाप. ते करताना दोन आडवे काप एकमेकांवर ठेवावे लागतात: एक खाच पूर्ण तयार झालेला, जिथे मागची पोकळी कमानीसारखी गोल दिसते, आणि दुसरा स्नायुबंध उंचवट्याला पूर्ण चिकटल्याचा. मांडीच्या हाडाच्या दोन्ही मागच्या गोलाईंना स्पर्श करणारी रेषा काढायची, तिच्यावर खाचेच्या सर्वांत खोल बिंदूतून एक लंब आणि उंचवट्याच्या मध्यातून दुसरा लंब टाकायचा. या दोन लंबांमधले अंतर म्हणजे आपला आकडा. १९९४ मध्ये लियाँच्या देजूर गटाने ज्या चार घटकांवर बोट ठेवले, त्यांतील एक म्हणजे हे २० मिलिमीटर. खाचेचा उथळपणा, वाटीची उंची आणि वाटीचा कल हे उरलेले तीन.

तिच्या एमआरआय अहवालात टीटी-टीजी १६ लिहिले होते. माझ्या जुन्या हिशोबाने विषय तिथेच संपला असता. परंतु लियाँची मर्यादा सीटी स्कॅनवर, गुडघा सरळ ठेवून ठरवलेली होती, आणि एमआरआयच्या कॉइलमध्ये गुडघा बहुधा किंचित वाकलेला असतो. गुडघा वाकला की नडगी आत फिरते आणि अंतर कमी होते. त्यामुळे एमआरआयचा आकडा सीटीपेक्षा काही मिलिमीटरने कमी येणे नेहमीचेच आहे. आम्ही सीटी केला, पाय सरळ आणि शिथिल ठेवून. आकडा १९ आला. मग मी आणि निवासी डॉक्टरने वेगवेगळे बसून मोजले, तर निवासी डॉक्टरला १७ मिळाले. भांडण खाचेच्या खोल बिंदूवरून होते: खाच उथळ असली की सर्वांत खोल जागा कोणती हे ठरवणेच कठीण होते. शिवाय ठेंगण्या मुलीच्या लहान गुडघ्यातले १९ आणि सहा फुटी मुलाच्या गुडघ्यातले १९ सारखे नसतात. म्हणून १७ आणि २१ यांच्यामधल्या आकड्यावर एकट्याने निर्णय टाकू नये.

निर्णय फिरवला तो साध्या एक्स-रेने. बाजूने घेतलेल्या चित्रात मागच्या दोन्ही गोलाई एकमेकांवर तंतोतंत बसलेल्या हव्यात, नाहीतर खाचेचा आकार फसवा दिसतो. तिच्या चित्रात खाचेच्या तळाची रेषा पुढच्या कडांना एका जागी ओलांडत होती, म्हणजे खाच उथळ होती; पण पुढे आलेला उंच कडा नव्हता, त्यामुळे खाच कोरून खोल करण्याची मोठी शस्त्रक्रिया विचारात घेण्याची गरज नव्हती. मग वाटीची उंची मोजली. वाटीचा सांध्याचा पृष्ठभाग ३१ मिलिमीटर, आणि त्या पृष्ठभागाच्या खालच्या टोकापासून नडगीच्या पुढच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत ४२ मिलिमीटर. भागाकार १.३५. हा कॅटन-देशाँ निर्देशांक, १.२ च्या वर गेला की वाटी उंच समजतात. उंच वाटी खाचेत उशिरा शिरते, म्हणून सरळ होतानाच्या शेवटच्या अंशांत तिला हाडाचा आधार मिळतच नाही. जे-साइनचे उत्तर इथे होते.

आतल्या बाजूचे लिगामेंट, म्हणजे एमपीएफएल, सुरुवातीच्या सुमारे ३० अंशांत वाटीला बाहेर जाण्यापासून रोखणाऱ्या बळाचा निम्म्याहून अधिक वाटा उचलते, आणि वारंवार सटकणाऱ्या गुडघ्यात ते सैल झालेलेच असते. म्हणून बहुतेक रुग्णांत ते नव्याने बांधणे हा पाया आहे. पण त्याचे काम वाटीला खाचेच्या दारापर्यंत सांभाळून नेणे आहे; दारच उशिरा लागत असेल तर त्या दोरीवर प्रत्येक पावलाला ताण येतो. तिच्या बाबतीत आम्ही हाड आणि लिगामेंट दोन्ही करायचे ठरवले. त्याच आठवड्यात आलेल्या दुसऱ्या मुलीचे टीटी-टीजी सीटीवर १८ होते, वाटीचा निर्देशांक १.१ होता आणि जे-साइन नव्हते. तिला केवळ लिगामेंट बांधले. दोघींच्या टीटी-टीजीत एका मिलिमीटरचा फरक, म्हणजे मोजणाऱ्याच्या हाताचा फरक.

हाड किती सरकवायचे हे गणित कागदावर मांडूनच शस्त्रक्रियागृहात जावे. निर्देशांक १.१ करायचा तर ३१ गुणिले १.१, म्हणजे सुमारे ३४. म्हणून ४२ मधून ८ मिलिमीटर खाली. या कामासाठी इन्सॉल-साल्व्हाती निर्देशांक घेऊ नये, कारण तो स्नायुबंधाच्या लांबीवर अवलंबून आहे. उंचवटा खाली नेला तरी तो बदलत नाही, आणि शस्त्रक्रिया फसली असे उगाच वाटते. हाड कापायचेच आहे म्हणून ५ मिलिमीटर आतही घेतले. त्याहून जास्त आत ओढण्याचा मोह टाळावा, कारण सांध्याच्या आतल्या भागावर दाब वाढतो. उंचवट्याचा सुमारे सहा सेंटिमीटर लांबीचा तुकडा सोडवला, खालच्या बाजूने ८ मिलिमीटर हाड काढले आणि दोन स्क्रूंनी बसवला. आधी हाड, मग लिगामेंट, हा क्रम उलटा करू नये. हाड हलले की लिगामेंटची लांबी बदलते. आणि रुग्णाची वाढ पूर्ण झालेली नसेल तर हा तुकडा सोडवूच नये.

लिगामेंट मांडीच्या हाडात बसवण्यासाठी जो बोगदा पाडतात त्याविषयी माझा जुना कडू अनुभव आहे. दुसऱ्या गावी काम करीत असताना सी-आर्म या शस्त्रक्रियागृहातल्या एक्स-रे यंत्राचे चित्र पूर्ण बाजूचे न घेताच मी पिन मारली आणि बोगदा काही मिलिमीटर वर गेला. मुलीची वाटी सटकली नाही, पण गुडघा ९० अंशांच्या पुढे वाकेना, आणि वाकवताना आतल्या बाजूला कडक दोरीसारखे काही बोटांना लागे. बोगदा वर गेला तर गुडघा वाकताना लिगामेंट ताणले जाते आणि खाली गेला तर सैल पडते. तिची दोरी नंतर सोडवावी लागली. मांडी घालून जेवणाऱ्या घरात ९० अंश म्हणजे अर्धा गुडघा.

तेव्हापासून मी दोन गोष्टी सोडत नाही. एक, शॉटलने २००७ मध्ये सांगितलेला बिंदू अचूक बाजूच्या चित्रातच शोधणे: हाडाच्या मागच्या कडेची रेषा खाली वाढवावी, बिंदू तिच्या १ मिलिमीटर पुढे आणि आतल्या गोलाईची मागची कडा जिथे सुरू होते त्या पातळीच्या २.५ मिलिमीटर खाली. दोन, बोगदा पाडण्याआधी ग्राफ्ट, म्हणजे नव्या लिगामेंटची दोरी, पिनभोवती गुंडाळून गुडघा पूर्ण वाकवून पाहणे. तो वाकताना किंचित सैल झाला पाहिजे, घट्ट होता कामा नये. अक्कलकोटच्या मुलीत पहिल्या पिनवर ग्राफ्ट ६० अंशांनंतर ताणू लागला. पिन जराशी खाली सरकवली आणि तो मोकळा झाला. मग गुडघा साधारण ३० अंशांत ठेवून ग्राफ्ट बसवला, ओढून नव्हे, तर वाटी हाताने दोन्हीकडे थोडी हलेल इतका. वाटी जागच्या जागी गच्च बसली असेल तर ते यश नसून चूक असते.

शस्त्रक्रियेनंतरचे सहा आठवडे हाडाचे असतात. उंचवट्याचा तुकडा जुळेपर्यंत आम्ही पूर्ण वजन टाकू देत नाही, कारण या काळात नडगी तुटण्याची किंवा तुकडा न जुळण्याची भीती असते; खाली सरकवलेल्या तुकड्यात ती अधिक. तिची आजी मात्र पहिल्या ड्रेसिंगलाच विचारून गेली, "डॉक्टरसाहेब, वाटी जागेवर राहील ते खरं, पण पोरगी भुईवर कधी बसेल?" मी तीन महिने म्हणालो. प्रत्यक्षात उकिडवे बसायला पाच लागले.

सहाव्या आठवड्याला एक्स-रेत तुकडा जुळू लागला होता आणि निर्देशांक १.१ होता. आठव्या महिन्यात ती गड्ड्याच्या जत्रेत दिवसभर चालून आली, वाटी जागेवर होती, जे-साइन दिसत नव्हते. तक्रार एकच: देवापुढे गुडघे टेकले की वरचा स्क्रू टोचतो. वर्ष पूर्ण झाल्यावर तिच्या सांगण्यावरून दोन्ही स्क्रू काढले.